एकाच डोळ्याचे दोन उतारे

दोन माणसं बरोबर वाचताना सारखं वाचतात, त्यात नवल काही नाही. पण दोघं चुकतानाही सारखेच चुकायला लागले, की समजावं, एकानं दुसऱ्याचं पाहून उतरवलंय. बनारसच्या त्या पोथीशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाकडून पाठक गुरुजी हा नियम घोकून घ्यायचे, आणि त्याच नियमात ते स्वतः सापडले. करावं तसं भरावं म्हणतात. इथं करणारा एक होता आणि भरायची पाळी आली दुसरीवर, म्हणून तर ही गोष्ट सांगायची. एरवी म्हाताऱ्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची मला काही हौस नाही.

पोथीशाळेचं काम असं. हाताने लिहिलेल्या जुन्या पोथ्यांच्या पानांचे फोटो यंत्रावर येतात. एकच पोथी दोघांना द्यायची, दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून ती अक्षर न् अक्षर टंकायची. मग तिसरा माणूस दोन्ही उतारे समोरासमोर ठेवतो. जिथं ते जुळतात तिथं पाठ पक्का. जिथं फरक पडतो तिथं तो मूळ पान काढून बघतो. थोडक्यात, जिथं दोघं जुळले तिथं पुन्हा कुणी बघत नाही. सगळा डोलारा या एका विश्वासावर उभा.

विश्वंभर पाठक तिथले सगळ्यात जुने वाचक. पोथीतली ओळ म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. माथ्यावरची रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग ओढलेली, आणि तिला सगळी अक्षरं लटकलेली, दोरीवर ओले कपडे लटकावेत तशी. कुठला शब्द कुठे संपला ते आपणच ठरवायचं. लेखकानं एका दमात रेघ ओढली, की भ च्या डोक्यावरची फट बुजते आणि त्याचा म होतो, ध चा घ होतो. ब च्या पोटातली तिरकी रेघ राहिली तर ब कुठला आणि व कुठला? प आणि ष, थ आणि य, सगळी भावंडं. आणखी जुन्या हातांत तर मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसतेच, अक्षराच्या डाव्या अंगाला काठीसारखी उभी असते, आणि नवखा माणूस ती आधीच्या अक्षराचा काना समजून बसतो.

"वर बघू नकोस," गुरुजी रेणूला सांगायचे, "वर सगळे सारखेच दिसतात. पाय बघ पाय. माणूस ओळखायचा तो चालीवरून."

रेणू विश्वकर्मा जवळच्या चुनारची. बाप सुतार. पोरीनं संस्कृतात एम.ए. केलं आणि पोथीशाळेत हंगामी वाचक म्हणून लागली, तेव्हा चहाच्या टपरीवर काय काय बोलणी झाली ते विचारू नका. "आता रंधा मारून पोथ्या गुळगुळीत होणार," असं एकजण म्हणाला होता आणि बाकीचे पान थुंकून हसले होते. हसले नाहीत ते एक गुरुजी. त्यांनी तिला शेजारी बसवलं. प्रत्येक लेखकाचा हात आधी कसा शिकून घ्यायचा ते दाखवलं. सुरुवातीचं नमन, शेवटचं पुष्पिकेचं, म्हणजे पोथी संपल्याचं वाक्य, जे ठाऊकच असतं, त्यातून त्याचा भ वेगळा काढायचा, म वेगळा काढायचा, कागदावर त्याची बाराखडी मांडायची, आणि मगच मधल्या अनोळखी रानात शिरायचं.

"आणि नाही लागलं, गुरुजी?"

"तर टिंबं दे. टिंबं द्यायला लाजायचं नाही, बेटा. अर्थ लागतो म्हणून अक्षर बनवायचं नाही. आपण वाचक आहोत, कवी नाही."

पोरगी हुशार निघाली. वर्षभरात तिचं वाचन असं बसलं, की मिश्राजी, म्हणजे उतारे जुळवणारे तिसरे, म्हणायचे, "गुरू आणि चेलीत फरकच सापडत नाही, मला तर फुकटचा पगार मिळतोय." होळीनंतर कायमची जागा निघणार होती आणि ती रेणूला मिळणार, हे पोथ्यांची कपाटं सांभाळणाऱ्या छेदीलालपासून सगळ्यांना माहीत होतं. चुनारला तर तिच्या बापानं दोन ठिकाणी पेढेसुद्धा वाटून टाकले होते.

फरक सापडत नव्हता त्याचं कारण निराळं होतं.

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात गुरुजींना माथ्यावरची रेघ वाकडी दिसू लागली. आधी त्यांना वाटलं, लेखकाचाच हात थरथरतोय. मग छापील पुस्तकातली रेघही लहरायला लागली. मग जिथं नजर रोखावी नेमकं तिथंच मधोमध तेलाचा डाग पडल्यासारखं झालं, कडेचं दिसतं आणि समोरचं नाही. बनारसच्याच लंका मोहल्ल्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, आतल्या पडद्याचा आजार आहे, मोतीबिंदू असता तर काढला असता, हे गेलं ते येत नाही. यंत्रावर फोटो मोठा करून पाहिला, तर शाई फाकते आणि तीनच अक्षरं समोर उरतात. ओळच दिसेना, तर शब्द कुठून तुटणार? तरी ते दिवसभर नाक लावून बसत. चार ओळी व्हायच्या. पूर्वी त्या वेळात चार पानं होत.

सांगायचं ना सरळ! माणूस आहे, डोळे जातात. पण गुरुजींच्या तोंडून ते निघेना. सगळं बनारस ज्याला 'पाठकाची नजर' म्हणून नावाजत होतं, त्यानं ओझासाहेबांपुढं जाऊन म्हणायचं की आता ती नाही? म्हणून त्यांनी रेणूला म्हटलं, "तुझा उतारा जरा मोठ्या अक्षरात छापून आणत जा. एकदा नजरेखालून घालतो." नव्या माणसाचं काम सुरुवातीला असं बघायची चाल होतीच. पुढं ती थांबवायची असते, कारण मग दोन वाचक कुठले राहिले? गुरुजींनी ती थांबवली नाही. रेणू रोज छापील पानं आणून द्यायची, भक्तिभावानं. गुरुजी दार लोटून, मान तिरकी करून, तो मोठा छाप वाचत आणि टंकत. इथं तिथं एखादं अक्षर मुद्दाम बदलायचे, शंका येऊ नये म्हणून. चोरी ती चोरीच, पण त्यात कसबही घातलं.

जानेवारीतल्या एका सकाळी ओझासाहेबांनी दोघांना बोलावलं. हरिवल्लभ ओझा पोथीशाळेचे प्रमुख, माणूस वाईट नाही, पण पोथीपेक्षा पोथीशाळेची जास्त काळजी करणारा. बाहेर असं धुकं, की खिडकीबाहेरचा पिंपळ दिसत नव्हता. टेबलावर दोन उतारे, बाजूला मिश्राजी, तोंड लहान करून बसलेले.

"वैद्यकाच्या पोथीचं हे पान," ओझासाहेब म्हणाले. "छापायला द्यायच्या आधी मिश्राजींनी सहज मूळ काढून बघितलं. एक आख्खी ओळ दोन्ही उताऱ्यांत गाळलेली आहे. दोन ओळींचा शेवट सारखा आहे, नजर एकीवरून दुसरीवर घसरली. ठीक आहे, घसरते. पण दोघांचीही?"

"मग मी पुढची पानं बघितली," मिश्राजी जमिनीकडे बघत म्हणाले. "ठिकठिकाणी तेच. जिथं हिची चूक, तिथं तीच चूक... दोन्हीकडे."

"पाठकजी, तुमचाच नियम आहे," ओझासाहेब म्हणाले. "आता कुणी कुणाचं पाहिलं, हे विचारायची मला तरी गरज वाटत नाही." आणि त्यांनी रेणूकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांनी रेणूकडे बघितलं. पाठकांनी सुताराच्या पोरीचं पाहून उतरवावं, हे कुणाच्या डोक्याच्या आसपासही फिरकलं नाही. जातीनं आणि वयानं माणसाला केवढी मोठी छत्री मिळते बघा, आणि तिच्याखाली तो किती कोरडा राहतो.

रेणू पुढं झाली. "मी गुरुजींचं कधीच नाही पाहिलं, सर. उलट मीच माझा उतारा त्यांना देत होते, तपासायला. रोज. विचारा ना त्यांना."

"काय हो पाठकजी?"

हा एक क्षण होता. तोंड उघडलं असतं तर सगळं निभलं असतं. गुरुजींना समोर ओझासाहेबांच्या तोंडाच्या जागी नुसता डाग दिसत होता, आणि कडेला, अगदी स्पष्ट, रेणूचे हात दिसत होते, ओढणीचं टोक पिळणारे.

"यायची कधीमधी," गुरुजी म्हणाले, "शंका विचारायला."

आणि एवढ्यावर थांबले असते तरी पुरे होतं. पण गप्प बसवेना, म्हणून ते पुढं म्हणाले, "मुलगी नवी आहे, साहेब. लहान आहे. समज देऊन सोडा. आयुष्याचं नुकसान करू नका तिच्या."

झालं. माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूलच. ओझासाहेबांनी मान हलवली. "तुमच्या मनाचा मोठेपणा आहे. पण कायमच्या जागेचं आता विसरायला हवं. उद्यापासून येऊ नकोस, रेणू. लेखी काही देत नाही, पाठकजींच्या शब्दाखातर. तेवढी मेहरबानी समज."

रेणू गुरुजींकडे बघत राहिली. रडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, न लागणाऱ्या ओळीकडे बघावं तशी, आणि मग नमस्कार करून निघून गेली. मागून छेदीलाल कुणाला तरी सांगत होता, "मी म्हणत नव्हतो? हाडाचा वाचक वेगळा असतो, भैया." गुरुजींनी ते ऐकलं. त्यांचे कान चांगले होते.

त्या संध्याकाळी घरी चुडा-मटरची, म्हणजे मटार घातलेल्या पोह्यांची, थाळी समोर आली आणि गुरुजींनी ती बाजूला सारली. पंडिताइन, म्हणजे त्यांची बायको कलावती, बाई फटकळ. नवऱ्याचे डोळे गेले हे घरात तिलाच ठाऊक होतं, कारण पानात वाढलेलं मीठ कुठं आहे ते तिला सांगावं लागे.

"काय झालंय? कुणी मेलंय का?"

गुरुजींनी सांगितलं. सगळं नाही, पण बाईनं उरलेलं आपलं आपण जोडलं. तिनं मटारची टोपली पुढ्यात ओढली.

"म्हणजे डोळे तुमचे गेले," ती म्हणाली, "आणि नोकरी तिची गेली."

"तसं नाही ते..."

"कसं आहे मग? सांगा. मी अडाणी आहे, मला फोडून सांगा."

"माझ्या नावावर पंचवीस पोथ्या छापल्यात, कलावती. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील म्हातारा आंधळा झाला. म्हणू देत. बनारसमध्ये आंधळ्याला काय कमी मान आहे? पण म्हातारा चोर निघाला, हे तर तुम्ही स्वतःच स्वतःला म्हणताय ना? म्हणून तर ताट सारलंत." तिनं ताट उचललं. "जेवायचं तर जेवा, नाहीतर राहा उपाशी. मी त्या पोरीच्या आईच्या जागी असते तर तुमच्या दारात येऊन बसले असते."

गुरुजींना लाज वाटली. आधीही वाटत होती, पण ती डोळ्यांची होती. ही वेगळी. ही कानशिलं तापवणारी, अंथरुणात कूस बदलली तरी त्याही कुशीला येऊन झोपणारी.

सकाळी ते निघाले ते ओझासाहेबांना सांगायचंच ठरवून. रेणू आपला डबा, शाल आणि तिनं हातानं मांडलेल्या बाराखड्यांचे कागद न्यायला आली होती. ती ओझासाहेबांच्या खोलीत किल्ली परत करत होती, तेवढ्यात गुरुजी दारात आले. ओझासाहेब, मिश्राजी, छेदीलाल, सगळे होतेच. गुरुजींनी घसा साफ केला. वाक्य तोंडात तयार होतं. 'साहेब, चोर मी.' तीन शब्द. ते काही बाहेर पडेनात.

"साहेब," शेवटी ते म्हणाले, "माझ्यासमोर एक पान ठेवा. कुठलंही. मी वाचतो, तुम्ही बघा."

त्यांचा हिशोब असा, की आपल्यानं सांगवत नाही तर पानच सांगेल. ओझासाहेबांना उलटं वाटलं. म्हातारबुवा दुखावले, नसता संशय आला म्हणून. "अहो, तुमची परीक्षा घ्यायची आमची काय छाती! बसा." पण गुरुजी हलेनात, तेव्हा साहेबांनी छेदीलालला खूण केली. त्यानं हाताला आलं ते बासन सोडून एक पान काढलं आणि गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं. साहेब खुर्चीतच बसून राहिले. वाकून पाहणं त्यांना अपमानाचं वाटलं असावं.

गुरुजी वाकले. रेघ लहरत होती. मधला डाग पानभर हिंडत होता, जिकडे बघावं तिकडे पुढं जाऊन बसत होता. कडेनं त्यांना दोन-तीन अक्षरं सापडली, एक ज, एक व, पुढं बहुतेक र. आणि इथं बघा माणसाची जीभ काय करते. आले होते हरायला. हरण्यासाठीच पान मागितलं होतं. पण सगळी खोली वाट बघतेय, आणि आयुष्यभराची सवय. वैद्यकाचीच पोथी असणार, ज्वर असणार, असं मनानं धरलं, आणि तोंडातून तापावरच्या औषधाचा एक नीटस श्लोक सुरू झाला. छंद बरोबर, व्याकरण बरोबर, आवाज कसा खणखणीत.

"वा!" ओझासाहेब म्हणाले. "नजर अशी हवी."

"गुरुजी," रेणू म्हणाली.

ती मागं उभी होती आणि तिला पान दिसत होतं.

"गुरुजी, इथं हे नाहीये."

"पोरी, तू आता..." ओझासाहेब चिडून बोलायला लागले.

"हे घोड्यांच्या पोथीचं पान आहे, सर. खुराच्या रोगाचं. पहिल्याच ओळीत आहे. तापाचं यात काहीच नाही." ती बोलता बोलता सावकाश झाली. तिची नजर पानावरून गुरुजींच्या तिरक्या मानेवर गेली, आणि तिथंच थांबली. काल न लागलेली ओळ तिला आता लागली, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

मिश्राजींनी पान उचलून बघितलं. पान त्यांनी ओझासाहेबांपुढं ठेवलं.

"बरोबर आहे तिचं," गुरुजी म्हणाले. आता आवाज खणखणीत नव्हता. "मला दिसत नाही, साहेब. दोन हिवाळे झाले. हिचा उतारा घेऊन मी टंकत होतो. हिनं काही पाहिलं नाही. मी पाहिलं. काल मी खोटं बोललो आणि आत्ता, या पानावर, पुन्हा बोललो."

धुक्यातून कुठल्या तरी देवळाची घंटा ऐकू येत होती. छेदीलाल बासनाची दोरी उगीचच बांधत बसला. ओझासाहेबांनी कपाळाला हात लावला, आणि मग त्यांच्या तोंडून निघालं ते पोथीशाळेचंच.

"दोन वर्षं? म्हणजे तेवढ्या सगळ्या पोथ्या एकाच डोळ्याच्या? ज्या छापल्या त्यासुद्धा? पाठकजी, हे बाहेर गेलं तर..." ते थांबले, दाराकडे बघितलं. "हे या खोलीबाहेर जायला नको. रेणू, तू उद्यापासून ये. झालं गेलं विसरून जा. पाठकजी प्रकृतीच्या कारणानं निवृत्त होतील, आपण शाल-श्रीफळ देऊ..."

"नको," गुरुजी म्हणाले. "शाल देऊ नका. दोन वर्षांच्या सगळ्या उताऱ्यांवरचं माझं नाव काढा. आणि का काढलं ते लिहा. पुढच्या वाचकाला कळायला हवं, की इथं एकच नजर फिरली आहे. त्यानं भरवसा ठेवू नये."

"ते बघू," ओझासाहेब म्हणाले. ते बघणार नव्हते, हे सगळ्यांना कळलं.

"मी बघते," रेणू म्हणाली. "त्या पोथ्या मी पुन्हा काढते. दुसरा वाचक नवा द्या. नाव का काढलं ते लिहिल्याशिवाय मात्र मी त्यांना हात लावणार नाही."

एवढं बोलायचं बळ तिला कुठून आलं कोण जाणे. ओझासाहेबांनी एकदा मिश्राजींकडे बघितलं, मिश्राजींनी मान खाली घालून होकार दिला, आणि मग साहेबांनाही द्यावा लागला.

सगळे पांगल्यावर गुरुजी व्हरांड्यात तिची वाट बघत उभे राहिले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. ती आली, शाल खांद्यावर, कागद छातीशी धरलेले.

"बेटा," ते म्हणाले, "मला लाज वाटत होती. डोळ्यांची."

"मला सांगितलं असतंत तर मी रोज वाचून दाखवलं असतं," ती म्हणाली. "कुणाला कळू न देता. तुम्हाला हे माहीत होतं."

"माहीत होतं."

"पानं घेतलीत, त्याचं मला काही नाही. तुम्हीच शिकवलेलं होतं त्यात, तुमचंच होतं म्हणा. पण काल तुम्ही माझ्यासाठी दया मागितलीत. मी न केलेल्या चोरीबद्दल. रात्रभर मला वाटत होतं, आपणच काहीतरी केलं असेल, झोपेत केलं असेल, नाहीतर हे असं कसं म्हणतील?" तिनं कागद या हातातून त्या हातात घेतले. "घरी अजून सांगितलं नव्हतं. बाबांना काय सांगायचं याचाच विचार करत काल चुनारच्या गाडीत बसले होते."

गुरुजींनी हात जोडले. वयानं, मानानं, कशानंच ते शोभणारं नव्हतं, तरी जोडले. तिनं ते जोडलेले हात बघितले आणि थांबवले नाहीत. एरवी रोज निघताना ती वाकून पायाला हात लावायची. आज वाकली नाही. त्यांच्या बाजूनं पुढं गेली, जिन्याच्या तोंडाशी थांबली, आणि मागं न बघता म्हणाली,

"पाठकजी, इथून पायऱ्या आहेत. सांभाळून या."